चिठ्ठीच चुकली असेल तर



३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा रविवार होता. १६ जानेवारीला कोविडचे लसीकरण सुरू झाले म्हणून त्या वर्षी पोलिओचा दिवस दोन आठवडे पुढे गेला होता. आपल्याच वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावच्या बारा मुलांच्या तोंडात त्या दिवशी लशीऐवजी हातांना लावायच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. सगळी मुले पाच वर्षांच्या आतली. त्यांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल करावे लागले. सुदैवाने मुले सुखरूप राहिली. तिघांवर कारवाई झाली, वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवस मथळे आले आणि विषय मागे पडला.

माझ्या मते तो मागे पडायला नको होता. "इतका निष्काळजीपणा कसा झाला" हा प्रश्न तेव्हा सर्वांनी विचारला. मला त्यापेक्षा निराळा प्रश्न विचारायचा आहे. ती बाटली हातात आल्यापासून थेंब पडेपर्यंत नेमक्या कोणत्या क्षणी ही चूक थांबू शकली असती?

पोलिओची लस लहानशा काचेच्या कुपीत येते. एका कुपीत साधारण वीस मुलांचे डोस असतात आणि प्रत्येक मुलाला दोन थेंब द्यायचे असतात. कुपी बर्फाच्या पॅकमध्ये ठेवलेली असल्यामुळे बोटांना गार लागते. तिच्यावर एक गोल छापलेला असतो आणि गोलाच्या आत एक चौकोन. लस उष्णतेत राहिली की आतला चौकोन गडद होत जातो. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवरच लस वापरायची. म्हणून कुपी उघडण्याआधी हा चौकोन पाहणे हे लस देणाऱ्याचे काम आहे. आपण त्याकडे लस खराब झाली आहे का हे तपासण्याची पायरी म्हणून पाहतो. पण त्या पायरीतून आणखी एक गोष्ट आपोआप साधते. सॅनिटायझरच्या बाटलीवर असा चौकोन नसतो, त्यामुळे जो चौकोन शोधेल त्याला बाटली चुकल्याचे लगेच कळेल. त्या वर्षी प्रत्येक बूथवर सॅनिटायझर ठेवणे सक्तीचे झाले होते. तोंडात टाकायचा द्रव आणि हाताला चोळायचा द्रव एकाच टेबलावर आले, आणि नजर मात्र जुन्या सवयीनेच काम करीत राहिली.

परिचर्येच्या पहिल्या वर्षी आम्ही जे पाच नियम घोकून घेतो ते याच क्षणासाठी आहेत. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. विद्यार्थिनी त्यांना "फाइव्ह राइट्स" म्हणतात. हे नियम पाळायची रीत ठरलेली आहे. औषध कपाटातून काढताना लेबल वाचायचे, ते वाटीत किंवा सिरिंजमध्ये घेताना वाचायचे आणि रुग्णाला देण्याआधी पुन्हा वाचायचे. तीन वेळा वाचण्याचे कारण सरळ आहे. पहिल्या वाचनात डोळ्यांना तेच दिसते जे मनाने आधी धरलेले असते.

यातला "योग्य रुग्ण" वरकरणी सगळ्यात सोपा वाटतो, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबते. वॉर्डात सिस्टर खाटेजवळ येते आणि विचारते, "शांताबाई ना तुम्ही?" समोरच्या म्हाताऱ्या बाईला कमी ऐकू येते, ती तापाने अर्धवट ग्लानीत आहे, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नाही. ती मान हलवते. खाटा सकाळीच बदललेल्या असतात आणि शांताबाई आता खिडकीपाशी आहेत. म्हणून प्रश्न असा विचारायचा की त्याचे उत्तर नुसत्या "हो"ने देता येणार नाही. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. गाव कोणतं?" मग ते नाव आणि गाव केस पेपरवरच्या नावाशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडायचे. खाटेच्या नंबरावरून औषध कधीही द्यायचे नाही. आपल्या भागात एकाच गावातल्या, एकाच आडनावाच्या दोन बाया एकाच वॉर्डात असणे नवलाचे नाही, म्हणून नवऱ्याचे किंवा वडिलांचे नावही मधे यायलाच हवे.

इथपर्यंतचे बहुतेकांना ठाऊक असते. मला आज सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. हे पाचही नियम आपल्या हातातले औषध आणि समोरचा कागद जुळतात की नाही एवढेच पाहतात. कागदावर लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे त्यांतला एकही नियम विचारत नाही. कापसी-कोपरीला हात चुकला होता. कागद चुकतो तेव्हा पाचही नियम तंतोतंत पाळून आपण माणसाला विष देऊ शकतो, आणि नोंदवहीत सगळे बिनचूक भरलेले असते.

हे पोटतिडकीने सांगण्याचे कारण एक औषध आहे. त्याचे नाव मेथोट्रेक्सेट. कर्करोगात ते मोठ्या मात्रेत देतात. संधिवात आणि सोरायसिस यांत मात्र ते अगदी थोडे, आणि आठवड्यातून एकदाच देतात. संधिवाताच्या रुग्णाला साधारणपणे आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम पुरते. ते नीट घेतले तर फार गुणी औषध आहे. वाकडी होऊ लागलेली बोटे त्याने थांबतात, बाई पुन्हा भाकरी थापू लागते. पण पेशींना विभागण्यासाठी लागणाऱ्या फोलेटचा मार्ग हे औषध अडवते. ज्या पेशी रोज नव्याने तयार होतात त्यांना याचा फटका सर्वांत आधी बसतो: हाडांतला मगज, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर. आठवड्यातून एकदा घेतले तर मधल्या दिवसांत त्या सावरतात. रोज घेतले तर त्यांना सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून रोज घेतलेली लहान गोळी आठवड्यातून एकदा घेतलेल्या मोठ्या गोळीपेक्षा घातक ठरते. तोंड येते, गिळता येत नाही, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोसळतात आणि मग साध्या जंतुसंसर्गानेही माणूस जातो.

ही चूक आपल्याकडेच होते असे समजू नका. इंग्लंडमध्ये केंब्रिजशर इथे एप्रिल २००० मध्ये एक रुग्ण अशाच चुकीने दगावला, तेव्हा तिथल्या आरोग्य प्राधिकरणाने चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. कर्करोग नसलेल्या रुग्णाला मेथोट्रेक्सेटची जास्त मात्रा जाणे ही घटना पुढे तिथल्या आरोग्यसेवेने "कधीही घडता कामा नये" अशा घटनांच्या यादीत घातली. अशा यादीत मोजक्याच गोष्टी असतात.

आता एक प्रसंग सविस्तर पाहू. तो मी शिकवण्यासाठी जुळवलेला आहे, पण त्यातली एकेक गोष्ट वॉर्डात घडणारी आहे.

अकोटकडच्या एका गावातली साठीची बाई. तिला दहा वर्षांपासून संधिवात आहे आणि उपचार नागपूरच्या तज्ज्ञाकडे चालू आहेत. ताप, खोकला आणि दोन दिवसांच्या उलट्या म्हणून तिला रात्री अकोल्यात मोठ्या दवाखान्यात आणले. मुलाने पिशवीतून जुनी चिठ्ठी काढून दिली. चिठ्ठीवर घामाने आणि घड्यांनी अक्षरे पुसट झालेली. त्यावर लिहिले आहे: मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, रविवारी. त्याखाली फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, रविवार सोडून. रात्री तीनला, त्या पाळीतला पंधरावा रुग्ण पाहणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरने घरची औषधे केस पेपरवर उतरवली. सलाईन, अँटिबायोटिक, तापाची गोळी आणि शेवटच्या दोन ओळी अशा: टॅब. मेथोट्रेक्सेट ७.५ ओडी, टॅब. फॉलिक ॲसिड ५ ओडी. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. "आठवड्यातून एकदा"मधला आठवडा उतरवताना गळून गेला आणि मात्रा सातपट झाली. आठवड्याला साडेसातऐवजी साडेबावन्न मिलिग्रॅम.

सकाळी आठ वाजता ट्रॉली घेऊन सिस्टर येते. मुलाने रात्रीच मेडिकलमधून दोन्ही औषधांची पाकिटे आणून ठेवली आहेत. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर. सिस्टरने पाच नियम लावून पाहावेत. रुग्ण बरोबर. पाकिटावर मेथोट्रेक्सेटच लिहिलेले आहे. मात्रा साडेसात, पाकिटावरही साडेसात. तोंडाने द्यायची आहे. वेळ सकाळची. पाचही बरोबर, गोळी द्यायला हरकत नाही.

ही गोळी थांबते ती दुसऱ्याच दोन प्रश्नांमुळे. पहिला: हे औषध या बाईला कशासाठी? दुसरा: या कारणासाठी ते एवढे आणि एवढ्या वेळा देतात का? सिस्टरला संधिवात ठाऊक आहे, आणि मेथोट्रेक्सेट हे नाव दिसले की "आठवडा" आठवायचा एवढे जरी तिला शिकवलेले असेल तरी तिचा हात थांबेल. आणि तिला ते आठवले नाही, तरी खाटेवर बसलेली बाई आठवण करून देऊ शकते. सिस्टरने नुसते म्हटले पाहिजे, "आजी, ही सांध्यांची गोळी, ही रोजची ना?" आजी म्हणते, "नाई बाई. हे पिवयी गोयी मी फक्त ऐतवारी घेतो. डाक्तरनं सांगतलं, रोज घ्याची नाई."

असे वाक्य कानावर पडले की मागचे सगळे थांबवायचे. "दवाखान्यात डॉक्टरांनी बदललं असेल, घ्या तुम्ही" असे सांगून बाईला गप्प करणे ही माझ्या मते वॉर्डातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. वर्षानुवर्षे एकच औषध घेणाऱ्या माणसाला त्याचा रंग, दिवस आणि संख्या पाठ असते. त्याला अक्षरे वाचता येत नसली तरी.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, फक्त तीच गोळी थांबवायची. बाकीची औषधे वेळेवर द्यायची. संशय एका ओळीवर असताना सगळी ट्रॉली थांबवली तर तापाच्या बाईचे अँटिबायोटिक चुकते. गोळी खाटेजवळच्या डबीत ठेवून "नंतर बघू" म्हणायचे नाही, कारण दुपारी मुलगा ती प्रेमाने पाण्याबरोबर देऊन टाकील. गोळी आपल्या ताब्यात ठेवायची. आजीला घाबरवायचे नाही. "आजी, तुम्ही बरं सांगितलं. मी डॉक्टरांना विचारून येते," इतके पुरे.

दुसरी गोष्ट, कागदाच्या मुळापर्यंत जायचे. केस पेपर हे उतरवलेले असते, मूळ चिठ्ठी नागपूरची. मुलाकडून ती मागून घ्यायची. सोबत घरून आणलेल्या गोळ्यांचे जुने पाकीट मोजायचे. दहाच्या पाकिटातल्या तीन गोळ्या गेल्या असतील आणि पाकीट तीन आठवड्यांपूर्वी आणलेले असेल तर घरी नीट चालले होते. सात गोळ्या गेल्या असतील तर गोष्ट फार वेगळी आहे, मग ताप आणि उलट्या कशामुळे आल्या याचाच नव्याने विचार करावा लागेल. आजीला तोंड उघडायला सांगून टॉर्चने आत पाहायचे. ओठांच्या आत, जिभेच्या कडेला व्रण आहेत का? हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि पुढच्या फोनला त्यानेच वजन येते.

तिसरी गोष्ट तो फोन. ज्याने ओळ लिहिली त्यालाच लावायचा. फोनवर काय बोलायचे हे आधी मनात जुळवून घ्यावे, नाहीतर "सर, ती औषधाची जरा शंका होती" असे पुटपुटले जाते आणि पलीकडून "काय शंका? द्या" असे येते. बोलणे असे असावे: "सर, मी स्त्री वॉर्डातली सिस्टर बोलते. रात्री आलेल्या अकोटच्या संधिवाताच्या आजी. केस पेपरवर मेथोट्रेक्सेट साडेसात रोज लिहिलेलं आहे. नागपूरच्या चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा, रविवारी, असं आहे. आजीही तेच सांगतात. त्यांना उलट्या आहेत, लघवी कमी आहे. मी गोळी दिलेली नाही. तुम्ही येऊन ओळ दुरुस्त कराल का?" यात कोणावर आरोप नाही. काय लिहिले आहे, काय सापडले, काळजी कशाची आहे आणि काय हवे आहे, एवढे थोडक्यात आले. लघवीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले, मूत्रपिंड मंदावले की नेहमीची मात्राही अंगात साचते. त्यातून जंतुसंसर्ग असताना डॉक्टर बहुधा आठवड्याची गोळीही काही दिवस थांबवतात. तो निर्णय डॉक्टरचा. सिस्टरने "ओडी" खोडून स्वतः "आठवड्यातून एकदा" लिहायचे नाही. थांबवणे आणि विचारणे तिच्या हातात आहे, मात्रा ठरवणे नाही.

ज्या रुग्णाने घरीच चुकून रोज गोळ्या घेतल्या आहेत त्याच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याला लागणारे औषध फोलिनिक ॲसिड, म्हणजे ल्युकोव्होरिन. डबीतल्या पिवळ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाढवून हे भागत नाही, कारण मेथोट्रेक्सेटने जो मार्ग अडवला आहे त्याच मार्गाने फॉलिक ॲसिडला जावे लागते. रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या लगेच लागतात, आणि तालुक्याच्या गावी ल्युकोव्होरिन नसेल तर रुग्णाला वेळ न घालवता पुढे पाठवावे लागते.

आता त्या फोनचे पुढे काय होते ते पाहू. बरेचदा डॉक्टर म्हणतो, "अरे हो, बरं झालं सांगितलंत." कधी म्हणतो, "सरांच्या राउंडला ठरलंय, द्या." इथे काय होते याची एक परीक्षा १९६६ साली अमेरिकेत चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेतली. एक अनोळखी डॉक्टर रात्री वॉर्डात फोन करतो आणि नर्सला सांगतो की अमुक रुग्णाला अमुक औषध वीस मिलिग्रॅम द्या, सही मी आल्यावर करतो. औषधाचे नाव बनावट, डबीत निरुपद्रवी गोळ्या, आणि डबीवर ठळक लिहिलेले: एका दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम. फोनवरून आदेश घेणेही नियमाबाहेरचे. बावीसपैकी एकवीस नर्सेस गोळ्या घेऊन रुग्णाकडे निघाल्या, तेव्हा त्यांना वाटेत थांबवण्यात आले. विशेष म्हणजे दुसऱ्या नर्सेसना हाच प्रसंग नुसता कागदावर दिला, तेव्हा बहुतेकींनी आपण असे करणार नाही असे उत्तर दिले होते.

ही गोष्ट सांगून बरेच जण थांबतात आणि परिचारिका किती आज्ञाधारक, असा निष्कर्ष काढतात. मला ते अन्यायाचे वाटते, कारण १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी हीच परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी औषध नर्सेसच्या ओळखीचे होते, व्हॅलियम. मात्रा उघडच जास्त होती. आणि त्यांना आपल्या सहकारिणींशी बोलायला मोकळीक होती. अठरांपैकी फक्त दोघी औषध द्यायला तयार झाल्या. दोन परीक्षांतला फरक माणसांच्या धैर्यात शोधू नका. दुसऱ्या वेळी त्यांना औषध माहीत होते आणि शेजारी विचारायला कोणीतरी होते. आमच्या वॉर्डांना नेमके हेच द्यायला हवे. माहीत नसलेल्या औषधाची मात्रा पाहता येईल असे पुस्तक औषधांच्या ट्रॉलीवर असावे, ते मेट्रनच्या कपाटात कुलुपात असू नये. रात्रपाळीला एकट्या असलेल्या सिस्टरला शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला "जरा ही ओळ बघता का" असे विचारायला कमीपणा वाटता कामा नये.

तर "द्या" असे उत्तर आले तर? त्याच डॉक्टरला एकदा पुन्हा, तेच मुद्दे अधिक स्पष्टपणे सांगायचे: "सर, रोज दिली तर सातपट मात्रा होते. मला हे सुरक्षित वाटत नाही. मी देऊ शकत नाही." दोनदा सांगूनही उत्तर तेच राहिले तर इन्चार्ज सिस्टर, तिच्यामार्फत युनिटचे वरिष्ठ डॉक्टर. रात्री तीन वाजता वरिष्ठांना उठवावे का, हा प्रश्न विद्यार्थिनी दरवर्षी विचारतात. जी मात्रा गेल्यावर परत काढता येत नाही तिच्यासाठी उठवावे. मेथोट्रेक्सेटची एक सकाळ चुकली तर बाईचे काहीही बिघडत नाही. शंका असताना थांबून जे नुकसान होईल आणि देऊन जे होईल, त्यांची तुलना करायची. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, मॉर्फिन आणि लहान मुलांची इंजेक्शने यांच्याबाबत दोघींनी स्वतंत्रपणे हिशेब करून उत्तर जुळवावे. प्रत्येक गोळीला हे जमणार नाही. साठ रुग्णांच्या वॉर्डात प्रत्येक गोळीसाठी दोन सह्या मागितल्या की दुसरी सही न बघता होते, आणि ती नसलेल्या सहीपेक्षा वाईट.

अत्यवस्थ रुग्णापाशी मात्र लेखी आदेशाची वाट पाहता येत नाही. तिथे ऐकलेले मोठ्याने परत म्हणायचे आणि "बरोबर" ऐकल्यावरच द्यायचे. आकडा तोडून म्हणायचा. धावपळीत पंधरा आणि पन्नास, फिफ्टीन आणि फिफ्टी एकमेकांसारखे ऐकू येतात, म्हणून "एक-पाच, पंधरा" म्हणायचे. रिकामे अँप्यूल ट्रेमध्ये ठेवायचे, नोंद लिहून होईपर्यंत टाकायचे नाहीत. आणखी एक खूण अनुभवी सिस्टर्सना न शिकवता ठाऊक असते: एका डोससाठी तीनपेक्षा जास्त अँप्यूल किंवा गोळ्यांचा ढीग लागू लागला तर आधी आदेश पुन्हा वाचायचा. कधी मात्रा खरोखरच तेवढी असते, जसे झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट देताना अनेक अँप्यूल फोडावे लागतात. पण अनेकदा तिथे दशांश चिन्ह घसरलेले असते.

आता नोंद. न दिलेल्या गोळीचा रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना पाहून दुपारच्या पाळीतली सिस्टर समजते की सकाळची विसरली, आणि ती देऊन टाकते. तिथे "दिली नाही" लिहायचे, कारण, वेळ, कोणाशी बोलणे झाले आणि काय ठरले ते लिहायचे. डॉक्टर आल्यावर त्यांनी जुनी ओळ पूर्ण खोडून सही करावी आणि नवी ओळ पूर्ण शब्दांत लिहावी. "ओडी"वर गिरवून "ओडब्ल्यू" करणे ही नवी चूक पेरणे आहे, अर्ध्या उजेडात दोन्ही एकच दिसतात. गोळी पुढे सुरू झाली तर तक्त्यावर रविवारचा रकाना मोकळा ठेवून उरलेल्या सहा दिवसांवर आधीच आडवी रेघ मारावी. मग सोमवारी कोणी द्यायला आले तरी द्यायला जागाच उरत नाही. आणि ओव्हर देताना ही ओळ तोंडाने सांगावी, कागदावर आहे म्हणून सोडू नये.

ही चूक रुग्णापर्यंत पोहोचली नाही म्हणून ती कळवायची नाही, हेही बरोबर नाही. औषधामुळे त्रास झाला असेल तर भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा फोन आहे. त्रास झाला नाही, फक्त चूक थांबली, तर दवाखान्याच्या आत तिची नोंद हवी, आणि ती करणाऱ्या सिस्टरला किंवा त्या रेसिडेंटला बोलावून रागावायचे नाही. केस पेपरवर घरची औषधे उतरवण्यासाठी रात्री तीनची वेळ आणि घामेजलेली चिठ्ठी ही व्यवस्था आपणच दिली आहे. कापसी-कोपरीलाही तिघांवर कारवाई करून जे साधले त्यापेक्षा सॅनिटायझरची बाटली लशीच्या टेबलावर ठेवायचीच नाही, एवढ्या एका सूचनेने जास्त साधले असते असे मला वाटते.

शेवटी मेडिकलवाल्यांसाठी, कारण या सभेत ते बरेच दिसतात आणि आजीची ही कहाणी वॉर्डापेक्षा त्यांच्या काउंटरवर जास्त वेळा सुरू होते. २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले. तरीही "एमटीएक्स" अशी तीन अक्षरे चिठ्ठीवर येतातच. चिठ्ठीत उघड चूक दिसली, मात्रा भलतीच वाटली, तर ती लिहिणाऱ्याकडे परत पाठवावी असे औषधनिर्मात्यांच्या आचारसंहितेतच आहे. पण दर्यापूरच्या दुकानात संध्याकाळी गर्दी असते, डॉक्टर नागपूरला, रुग्णाचा मुलगा एसटी पकडायच्या घाईत. तिथे पुढचे तीन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते: कशासाठी घेतात, किती दिवसांनी घेतात, आणि याआधीची गोळी कोणत्या दिवशी घेतली. उत्तर "रोज" आले तर गोळ्या न देता फोन लावावा. उत्तर "आठवड्यातून एकदा" आले तर पूर्ण पाकीट देऊ नये. चार आठवड्यांच्या चारच गोळ्या कापून द्याव्यात, नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा त्यांच्यासोबत राहील अशा. फॉलिक ॲसिड वेगळ्या पाकिटात. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मार्करने, मोठ्या अक्षरांत, गोळीचा दिवस लिहावा: "रविवार". ज्याला वाचता येत नाही त्याच्या घरी कॅलेंडर असते, त्यावर चार रविवारांना गोल करून द्यावा. आणि तोंडात फोड आले, ताप आला किंवा रक्त येऊ लागले तर पुढची गोळी न घेता दवाखान्यात यायचे, हे पाकीट हातात देताना आजींना स्वतःच्या तोंडून एकदा म्हणायला लावावे.